पान उघडतं, तरी जाहिरात बंद

आंब्याच्या ऐन हंगामात रत्नागिरीच्या एका बागायतदाराचा फोन आला. गूगलवरच्या जाहिराती सकाळपासून बंद. खात्यात पैसे होते, पण जाहिरातीपुढे शेरा होता: Destination not working. "अहो, माझ्या मोबाइलवर तर पान उघडतंय!" त्यांचं वैतागणं रास्तच होतं.

मी त्यांना लिहिलं:

"दादा, पान माणसांना उघडतंय, गूगलच्या तपासनीसाला नाही. AdsBot-Google नावाचा त्यांचा प्रोग्राम जाहिरातीतली लिंक स्वतः उघडून पाहतो. परवा साइटवर बसवलेली सुरक्षा यंत्रणा त्याला चोर समजून 403 देते, म्हणजे 'प्रवेश नाही'. त्याला वाट मोकळी करायला वेबसाइटवाल्याला सांगितलंय. सर्व्हरच्या नोंदीत त्याच्यापुढे 200 दिसलं की मी अपील करतो. आधी केलं तर ते फेटाळलं जाईल. फेरतपासणी बहुधा कामाच्या एका दिवसात होते, कधी जास्तही लागतो. तोवर जाहिरात दिसणार नाही आणि क्लिकचे पैसेही कापले जाणार नाहीत. फक्त घाईने दुसरं खातं उघडू नका. ती पळवाट समजून दोन्ही खाती निलंबित होऊ शकतात."

तासाभराने उत्तर आलं: "बरं. पेट्या भरून ठेवतो."