वॉशिंग मशीनची धडधड, खालच्या घराची झोपमोड

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. घरात जागा नाही म्हणून नवे वॉशिंग मशीन बाल्कनीत ठेवले. आठ दिवसांतच खालच्या ताई वर आल्या. जयभीम करून म्हणाल्या, "भाऊ, यांची रात्रपाळी असते. सकाळी नऊला डोळा लागतो आणि तुमचे मशीन सुरू होते. छत हादरते हो!" आम्ही खजील झालो.

घाईने चाकांचा स्टँड आणला, तर धडधड उलट वाढली. असे का झाले? कपडे पिळताना आमच्या मशीनचा ड्रम मिनिटाला सुमारे ७०० फेरे घेतो. ओले कपडे एका बाजूला गोळा झाले की प्रत्येक फेऱ्याला हिसका बसतो, म्हणजे सेकंदाला अकरा-बारा हिसके. ते पायांतून फरशीत आणि स्लॅबमधून खाली जातात. चाके आणि सरकत्या पट्ट्यांचे ढिले सांधे त्यात भर घालतात.

मूळ दोष मात्र वेगळाच होता. पाणी वाहून जावे म्हणून बाल्कनीच्या फरशीला उतार असतो. मशीन बंद असताना समोरासमोरचे कोपरे आळीपाळीने दाबले, तर ते डुगडुगत होते. एक पाय अधांतरी होता. आमच्या मशीनचा एकच पाय फिरवता येत होता आणि तेवढ्याने उतार भरून निघेना. म्हणून बिनचाकांचा, चारही पाय स्क्रूने वरखाली होणारा लोखंडी स्टँड घेतला. तुमच्या मशीनच्या पायांनीच पातळी जमत असेल, तर स्टँडचा खर्च करू नका.

पायांखाली रबरी पॅड घेतले. पॅड घट्ट रबराचे, वाटीसारखे आणि खालून खाचांचे असावेत, म्हणजे ओल्या फरशीवर सरकत नाहीत. पाय वाटीत पूर्ण बसला पाहिजे, म्हणून आधी पायाची रुंदी मोजून जावे. चारही पॅड एकसारखेच हवेत. थर्मोकोल किंवा गादीचा तुकडा कमीजास्त दबतो आणि मशीन पुन्हा कलते. पॅड बसवल्यावर गवंड्याच्या लेव्हलने पातळी पुन्हा पाहिली आणि पायांचे नट आवळले. पायाखालची फरशी वाजवून पोकळ लागली, तर मशीन थोडे सरकवावे.

मग रिकामे मशीन पिळण्यावर लावून आम्ही स्वतः खाली जाऊन ऐकले. आता नुसती घरघर होती. रिकामे मशीनही धडधडले, तर दोष पातळीत किंवा मशीनच्या आत समजावा. झिजलेल्या भागांवर पॅड हा इलाज नाही, मिस्त्री बोलवावा. रिकामे शांत असून कपड्यांनिशी धडधडले, तर दोष कपड्यांच्या गोळ्याचा. एकटी जाड चादर टाकू नये. सोबत दोन-चार कपडे टाकावेत.

एक ध्यानात ठेवा. स्टँडने मशीन उंच होते. कठड्याला लागून ठेवले, तर लहान मूल त्यावर चढू शकते. आम्ही ते आतल्या भिंतीकडे घेतले. आणि पॅड बसवले तरी, आमचे मशीन आता संध्याकाळी, ताईंचे यजमान उठल्यावरच लागते.