भांडण न करता पगारवाढ मागायची आहे? मग आधी हे पुस्तक वाचा

धंदा सुरू करायचाय, पण अजून नोकरी चालू आहे, असे तुमच्यापैकी बरेच जण आहेत. भांडवल जमवायचं तर पगार वाढायला हवा. पण साहेबांसमोर पैशाचा विषय काढायचा म्हटलं की घशाला कोरड पडते. अशा माणसाने आधी 'गेटिंग टू यस' वाचावं. रॉजर फिशर आणि विल्यम युरी यांचं हे पुस्तक 1981 साली आलं. त्यातल्या दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत.

पहिली गोष्ट, बाहेरचं माप. 'मला वाढवून द्या' म्हटलं की विषय तुमच्या-साहेबांच्या इच्छेचा होतो आणि तिथेच खटका उडतो. त्याऐवजी दोघांनाही मान्य होईल असं माप समोर ठेवायचं. समजा, पुण्यात एक परचेस एक्झिक्युटिव्ह आहे, हातात 45,000 येतात. त्याने तेवढ्याच अनुभवाच्या चार जाहिराती पाहिल्या, पगार 50 ते 54 हजार. शिवाय सोडून गेलेल्या सहकाऱ्याचं स्टोअरचं कामही तोच बघतो. हे एका कागदावर मांडून तो 53,000 मागतो.

दुसरी गोष्ट, बोलणी फिसकटली तर आपल्या हातात काय उरतं? या पर्यायाला पुस्तकात 'बाटना' म्हणतात. त्याच्याकडे चाकणची 50,000 ची ऑफर आहे, पण जाण्यायेण्याला महिन्याला 4,000 जास्त लागणार. म्हणजे खरा आकडा 46,000. साहेब 48,000 म्हणाले तर इथेच थांबण्यात फायदा, हे त्याला आधीच माहीत असतं. मात्र ही ऑफर धमकी म्हणून टेबलावर आपटायची नाही. कुठे थांबायचं, हे स्वतःला कळण्यासाठी ती असते.

आता साहेब म्हणाले, "बजेट नाही." इथे दुसरं पुस्तक कामी येतं, 'नेव्हर स्प्लिट द डिफरन्स', 2016 चं. लेखक ख्रिस व्हॉस एफबीआयमध्ये ओलिसांच्या सुटकेसाठी बोलणी करायचे. त्यांचा भर 'कसं' आणि 'काय' विचारण्यावर आहे. म्हणून वाद न घालता विचारायचं, "सर, हा आकडा गाठायला मी काय करायला हवं, आणि पुन्हा कधी बोलू?" मग गप्प बसायचं. ती शांतता भरून काढायला आपणच आकडा खाली आणतो, तिथेच घोळ होतो.

उत्तरात तारीख आणि काम दोन्ही असलं, तर त्याच दिवशी मेल करून नोंद ठेवा. "बघू या पुढे" एवढंच आलं, तर तो नकार समजा आणि पर्यायाकडे वळा.

एक मर्यादा लक्षात ठेवा. व्हॉस यांच्या समोरचा माणूस पुन्हा भेटणारा नव्हता. साहेब उद्या सकाळी भेटणार आहेत. म्हणून फिशर-युरी आधी, व्हॉस नंतर.

उद्या गिऱ्हाईक "भाव कमी करा" म्हणेल, तेव्हाही हाच कागद लागेल: बाहेरचं माप, आपला पर्याय आणि एक प्रश्न.