समजून घ्या : ‘यूएसबी ३.२’ लिहिलंय, पण वेग किती? केबलच्या नावांमागचा गोंधळ आणि खरा वेग ओळखण्याची पद्धत

टाइप-सी केबल आता जवळपास प्रत्येक घरात आहे. फोन, लॅपटॉप, टॅब, हेडफोन सगळ्यांना तीच लागते. पण दिसायला अगदी सारख्या असलेल्या दोन केबलच्या वेगात वीसपट फरक असू शकतो. त्यात खोक्यावर ‘३.०’, ‘३.१ जेन १’, ‘३.२ जेन २’ असे आकडे छापलेले असतात आणि मोठा आकडा म्हणजे जास्त वेग, असा समज होतो. प्रत्यक्षात हे आकडे वेगाचे नाहीतच. मग ते कशाचे आहेत आणि हातातली केबल नेमकी किती वेगाची आहे, हे कसं कळणार?

हा गोंधळ सुरू कुठून झाला?

यूएसबीचे नियम ‘यूएसबी इम्प्लिमेंटर्स फोरम’ ही उद्योगातल्या कंपन्यांची संस्था सांभाळते. २००८मध्ये यूएसबी ३.० आलं. त्याचा वेग ५ जीबीपीएस, म्हणजे सेकंदाला ५ गिगाबिट. त्याआधीच्या यूएसबी २.०चा वेग होता ४८० एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला ४८० मेगाबिट. इथपर्यंत सगळं सरळ होतं.

२०१३मध्ये १० जीबीपीएसचा नवा वेग आला आणि नव्या नियमावलीला ३.१ असं नाव मिळालं. या नियमावलीने जुन्या ३.०ला आपल्यात सामावून घेतलं. त्यामुळे ५ जीबीपीएसचं नाव झालं ‘३.१ जेन १’ आणि नव्या १० जीबीपीएसचं ‘३.१ जेन २’. २०१७मध्ये ३.२ आलं, तेव्हा पुन्हा तेच झालं. ५ जीबीपीएस म्हणजे ‘३.२ जेन १’, १० जीबीपीएस म्हणजे ‘३.२ जेन २’ आणि नवा २० जीबीपीएसचा वेग ‘३.२ जेन २ बाय २’. यातला ‘बाय २’ म्हणजे डेटा एकाच वेळी दोन मार्गिकांवरून जातो.

थोडक्यात, यूएसबी ३.०, ३.१ जेन १ आणि ३.२ जेन १ ही एकाच ५ जीबीपीएस वेगाची तीन नावं आहेत. आणि खोक्यावर नुसतं ‘यूएसबी ३.२’ लिहिलं असेल, तर ते ५, १० किंवा २० यांपैकी काहीही असू शकतं. ५ जीबीपीएसच्या वस्तूवर ‘३.२’ छापणाऱ्या उत्पादकाला खोटं बोलल्याचा ठपकाही लावता येत नाही. ग्राहकाला मात्र वाटतं की आपण नवीन आणि वेगवान वस्तू घेतली.

मग ‘टाइप-सी’ म्हणजे वेगवान नाही का?

नाही. टाइप-सी हे फक्त प्लगच्या आकाराचं नाव आहे. या प्लगमध्ये २४ पिनांची जागा असते. त्यातल्या काही वीज नेतात, काही यूएसबी २.०चा डेटा नेतात आणि वेगवान डेटासाठी तारांच्या वेगळ्या जोड्या असतात. केबल स्वस्त, पातळ आणि लवचिक ठेवायची असेल तर उत्पादक या वेगवान जोड्या घालतच नाहीत. नियमांनुसार अशी केबल पूर्णपणे वैध आहे. ती फोन व्यवस्थित चार्ज करते, पण डेटा मात्र २००० सालच्या यूएसबी २.०च्या वेगाने, म्हणजे ४८० एमबीपीएसनेच नेते.

चार्जिंगच्या वॉटवरूनही वेग कळत नाही. ६०, १०० किंवा २४० वॉट हा आकडा केबल किती वीज नेऊ शकते, एवढंच सांगतो. २४० वॉटची जाडजूड केबल डेटासाठी ४८० एमबीपीएसची असू शकते. ऑनलाइन खरेदीत ‘१०० वॉट फास्ट चार्जिंग’ ठळक अक्षरांत असतं आणि ‘४८० एमबीपीएस’ खाली बारीक अक्षरांत. शिवाय ४८० हा आकडा १०पेक्षा मोठा दिसतो. पण एक गिगाबिट म्हणजे एक हजार मेगाबिट. त्यामुळे १० जीबीपीएस हा वेग ४८० एमबीपीएसच्या वीसपटीहूनही जास्त आहे.

याचा फटका नेमका कुठे बसतो?

आयफोन १५ मालिकेचं उदाहरण पाहू. २०२३मध्ये आलेल्या या फोनना पहिल्यांदा टाइप-सी पोर्ट मिळालं. त्यात आयफोन १५चं पोर्ट ४८० एमबीपीएसचं आहे, तर आयफोन १५ प्रोचं १० जीबीपीएसचं. मात्र दोन्हींच्या खोक्यात मिळणारी केबल ४८० एमबीपीएसचीच आहे. म्हणजे प्रो मॉडेल घेऊनही खोक्यातली केबल वापरली, तर पोर्टचा वेग वापरलाच जात नाही.

समजा, या प्रो फोनमधलं लग्नाचं ६० जीबी चित्रीकरण बाहेरच्या एसएसडीवर हलवायचं आहे. आठ बिट म्हणजे एक बाइट, त्यामुळे ४८० मेगाबिट म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त ६० मेगाबाइट. प्रत्यक्षात ४०च्या आसपासच मिळतात. ६० जीबी म्हणजे सुमारे ६० हजार मेगाबाइट. भागिले ४० केलं की १,५०० सेकंद, म्हणजे २५ मिनिटं. ५ जीबीपीएसच्या केबलवर सेकंदाला साधारण ४०० मेगाबाइट धरले, तर हेच काम अडीच मिनिटांत होतं. १० जीबीपीएसवर ते आणखी कमी वेळात होऊ शकतं, पण तिथे फोनचं आणि एसएसडीचं स्टोरेज तेवढं वेगवान आहे का, हा प्रश्न येतो.

काही कामं तर संथ केबलवर होतच नाहीत. याच प्रो फोनवरून प्रोरेस स्वरूपातला ४के, ६० फ्रेमचा व्हिडिओ थेट एसएसडीवर रेकॉर्ड करता येतो. त्यासाठी एसएसडीला सेकंदाला किमान २२० मेगाबाइट लिहिता आले पाहिजेत आणि केबलही १० जीबीपीएसची हवी. ६० मेगाबाइटची कमाल मर्यादा असलेली केबल तिथे कशी पुरणार? तसंच लॅपटॉप टाइप-सी केबलने मॉनिटरला जोडताना चित्र याच वेगवान जोड्यांवरून जातं. चार्जिंगची केबल लावली तर मॉनिटर कोराच राहतो आणि दोष पोर्टला दिला जातो.

खरेदी करताना काय पाहायचं?

‘जेन’ आणि ‘३ पॉइंट’चे आकडे सोडून द्या आणि थेट जीबीपीएसचा आकडा शोधा. २०२२मध्ये खुद्द फोरमनेच ग्राहकांसाठी ही पद्धत स्वीकारली. प्रमाणित केबलच्या बोधचिन्हावर आता वेग जीबीपीएसमध्ये आणि वीज वॉटमध्ये लिहिली जाते, उदाहरणार्थ ‘४० जीबीपीएस, २४० वॉट’. वेगाचा उल्लेखच नसेल आणि फक्त वॉट लिहिले असतील, तर ती केबल ४८० एमबीपीएसची समजूनच किंमत ठरवा.

लांबीही बरंच काही सांगते. साध्या केबलमध्ये १० जीबीपीएसचा वेग साधारण एक मीटरपर्यंत टिकतो, ५ जीबीपीएस दोन मीटरपर्यंत आणि ४० जीबीपीएस तर जेमतेम ८० सेंटिमीटरपर्यंत. याहून लांब केबलमध्ये सिग्नल सावरणारी चिप लागते आणि ती केबल महाग असते. त्यामुळे तीन मीटरची, स्वस्त आणि १० जीबीपीएसची, असे तिन्ही दावे एकत्र दिसले तर सावध व्हा.

घरातल्या जुन्या केबलचं काय?

एका बाजूला जुना चौकोनी, म्हणजे टाइप-ए प्लग असेल तर ओळख सोपी आहे. प्लगमध्ये डोकावून पाहा. यूएसबी २.०मध्ये चारच पट्ट्या असतात. वेगवान केबलमध्ये त्यांच्या मागे आणखी पाच छोट्या पिना दिसतात. आतल्या निळ्या रंगावर मात्र विसंबू नका, तो रंग सक्तीचा नाही.

दोन्ही बाजूंना टाइप-सी असेल, तर टॉर्चच्या उजेडात आतल्या पिना पाहता येतात. वेगवान डेटाच्या पिनांच्या जागा रिकाम्या दिसल्या तर ती केबल ४८० एमबीपीएसचीच. मात्र या पिना असल्या म्हणजे आत तारा जोडलेल्या आहेतच, असं नाही. त्यामुळे खात्री करायची तर चाचणी घ्यावी लागते.

चाचणी कशी करायची?

त्यासाठी १० जीबीपीएसची एसएसडी आणि तेवढ्याच वेगाचं पोर्ट असलेला लॅपटॉप हवा. साधा पेन ड्राइव्ह चालत नाही, कारण तो स्वतःच संथ असतो. आधी एसएसडीसोबत आलेली केबल लावून वेग पाहा, म्हणजे पोर्ट आणि एसएसडी ठीक असल्याची खात्री होते. मग बाकी काहीही न बदलता फक्त केबल बदला.

मॅकवर System Information उघडून USB या विभागात जोडलेल्या एसएसडीचा वेग दिसतो. तिथे 480 Mb/s दिसलं तर केबल यूएसबी २.०ची, 10 Gb/s दिसलं तर वेगवान. लिनक्सवर टर्मिनलमध्ये ही आज्ञा द्या :

```
lsusb -t
```

यात एसएसडीच्या ओळीच्या शेवटी 480M, 5000M किंवा 10000M असं लिहून येतं. विंडोजवर सर्वांत सोपा उपाय म्हणजे लॅपटॉपमधली १० जीबीची एकच मोठी फाइल एसएसडीवर कॉपी करून पाहणं. सुरुवातीला आकडा उसळतो, तो सोडून द्या आणि नंतर स्थिरावलेला वेग पाहा. तो सेकंदाला ३५ ते ४५ मेगाबाइटवर अडकला, तर केबल ४८० एमबीपीएसची आहे. ४००च्या आसपास असेल तर जोडणी ५ जीबीपीएसवर चालली आहे आणि ९००च्या पुढे गेला तर १०वर.

केबल चांगली असूनही वेग कमी का?

पोर्ट, केबल आणि उपकरण या तिघांत जो सर्वांत संथ, त्याच्याच वेगाने काम होतं. आयफोन १५ला ४० जीबीपीएसची केबल लावली तरी वेग ४८० एमबीपीएसच राहील. ‘३.२ जेन २ बाय २’मध्ये आणखी एक मेख आहे. २० जीबीपीएसची एसएसडी ४० जीबीपीएसच्या यूएसबी ४ पोर्टला लावली, तरी ती अनेकदा १०वरच चालते. कारण ‘बाय २’ची ती जुनी पद्धत सांभाळणं यूएसबी ४ पोर्टवर बंधनकारक नाही. अशा वेळी नवी केबल घेऊन काही उपयोग होत नाही.

म्हणून केबल घेण्याआधी फोन आणि लॅपटॉपच्या पोर्टचा वेग त्यांच्या माहितीपत्रकात जीबीपीएसमध्ये पाहा. केबल त्यातल्या कमी वेगाएवढी असली तरी पुरते. आणि चाचणीत वेगवान ठरलेल्या केबलला एक चिकटपट्टी लावून त्यावर ‘१०’ असं लिहून ठेवा, म्हणजे ड्रॉवरमधल्या गुंत्यातून ती पुन्हा शोधावी लागणार नाही.