पाचव्या वर्षाचा कर

ब्रिटनमधल्या कंपनीचे हिशेबी वर्ष ३१ मार्चला संपले, की त्या नफ्यावरचा कर भरायला तिला नऊ महिने आणि एक दिवस मिळतो, म्हणजे १ जानेवारीपर्यंतचा वेळ. मोठ्या कंपन्यांना हप्त्यांनी आधीच भरावा लागतो. मुंबई-पुण्यात एसीसीएचा अभ्यास करणाऱ्यांना गणितात हा उशीर बहुधा पूर्ण एक वर्षाचा धरायला सांगतात. आपणही तसाच धरू.

एक कंपनी हिशेबी वर्षाच्या पहिल्याच दिवशी १ लाख पौंडांचे यंत्र घेते. त्यामुळे चार वर्षे दरवर्षी ४० हजार पौंड वाचतात. कराचा दर २५ टक्के, भांडवलाचा खर्च १० टक्के. ४० हजारांवर वर्षाला १० हजार कर बसतो. तो त्या-त्या वर्षीच भरला, तर चार हप्त्यांचे आजचे मूल्य सुमारे ३१,७०० पौंड होते. वर्षभर मागे सरकला, की २८,८००. जवळपास २,९०० पौंडांचा फायदा, तोही काही न करता!

पण हा आनंद अर्धवट आहे. यंत्राची पूर्ण किंमत पहिल्याच वर्षाच्या नफ्यातून वजा करायची सवलत ब्रिटनमध्ये आहे, म्हणजे २५ हजारांचा कर वाचतो. ही बचतही वर्षभर उशिरा, दुसऱ्या वर्षाच्या शेवटी हाती येते. तिचे आजचे मूल्य २२,७०० वरून २०,७०० वर उतरते. दोन्ही बाजू मांडल्या, की उशिराचा निव्वळ फायदा उरतो फक्त ८०० पौंडांच्या आसपास आणि यंत्राचे निव्वळ वर्तमान मूल्य १७,८०० चे १८,६०० होते.

आता तेच यंत्र एकच दिवस आधी, मागच्या हिशेबी वर्षाच्या शेवटच्या दिवशी घेतले तर? सवलत मागच्या वर्षात बसते, बचत पहिल्या वर्षाच्या शेवटीच मिळते आणि मूल्य २०,७०० वर जाते. एका दिवसात २,१०० पौंड! उशिराच्या फायद्याच्या अडीचपट फरक या तारखेने पडतो, म्हणून खरेदीची तारीख विचारल्याशिवाय मी असे गणित सुरूच करत नाही.

हमखास चूक होते ती तक्त्याच्या उजव्या टोकाला. यंत्र चार वर्षांचे म्हणून रकानेही चारच आखले जातात आणि चौथ्या वर्षाचा कर, जो पाचव्या वर्षी भरायचा, तो गळतो. त्या १० हजारांचे आजचे मूल्य ६,२०० पौंड आहे. तेवढ्याने प्रकल्प उगाच चांगला दिसतो. ओळखायची खूण सोपी आहे: कराच्या ओळीतल्या १० हजारांच्या नोंदी मोजायच्या. कमाईची वर्षे चार, तर नोंदीही चार हव्यात.

भारतातल्या कंपनीला मात्र हे गणित जसेच्या तसे लावू नये. इथे आगाऊ कर जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या १५ तारखेला कमाईच्या वर्षातच भरावा लागतो. त्यामुळे कर त्याच वर्षाच्या रकान्यात मांडणे वस्तुस्थितीच्या जास्त जवळचे.