कात्री आधी, दोरा फक्त मधे

लग्नाच्या फोटोंत कधीकधी नवऱ्या मुलाचा चेहरा ओळखीचा असूनही परका वाटतो. दाढी नेहमीचीच, केस नेहमीचेच, फेटाही छान बसलेला असतो. नीट बघितलं की कळतं, आदल्या दिवशी सलूनमध्ये कुणीतरी भुवयांवर दोरा फिरवलाय. खालची कड पट्टीने आखल्यासारखी सरळ झालीय, टोकाकडे भुवई निमुळती होत गेलीय आणि तिच्यावरखालची कातडी चकाकतेय. भुवया वाईट झालेल्या नसतात, फक्त त्या ‘केलेल्या’ दिसतात. ज्याच्या भुवया मुळातच दाट आणि बेशिस्त आहेत, त्याची ही अडचण जास्तच मोठी. काहीच केलं नाही तर तो सदा वैतागलेला दिसतो आणि केलं तर लगेच ओळखू येतं.

यातून वाट काढायची तर आधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. पुरुषाची भुवई जंगली दिसते ती बहुतेक वेळा तिच्या रुंदीमुळे नाही, केसांच्या लांबीमुळे. रुंद भुवई पुरुषाच्या चेहऱ्यावर खपून जाते, बऱ्याचदा शोभतेही. खटकतात ते कपाळाकडे उभे राहिलेले, पापणीवर लोंबणारे किंवा चष्म्याच्या काचेला टेकणारे केस. आणि लांबीला औषध आहे कात्री. दोरा, मेण आणि चिमटा रुंदी कमी करतात, म्हणजे दुखणं एकीकडे आणि उपाय भलतीकडेच होतो.

दोऱ्याने इतका फरक का पडतो, तेही पाहू. पिळलेला दुहेरी दोरा कातडीवरून सरकतो तेव्हा एका रेषेतले बरेच केस एकदम उपटले जातात. धारदार, नेमकी कड हवी असेल तर याच्यासारखं साधन नाही, म्हणूनच बायकांच्या भुवया कोरायला तो उत्तम. पण दोरा भुवईच्या केसांबरोबर आजूबाजूची बारीक लवही काढतो. ही लव एरवी आपल्या नजरेत भरत नाही. मात्र तिच्यामुळेच दाट भुवई हळूहळू विरळ होत कपाळात मिसळते. ती गेली की केस जिथे संपतात तिथे एकदम गुळगुळीत कातडी सुरू होते. खाली दाढीची खुंटं आणि वर अशी कोरीव रेघ, हा विरोध डोळ्याला लगेच टोचतो.

आता एक चेहरा घेऊन हे काम प्रत्यक्ष करून पाहू. पंचेचाळिशीच्या आसपासचा गृहस्थ आहे असं समजू. चाळिशीनंतर पुष्कळ पुरुषांच्या भुवयांत काही केस जास्त लांब, जाड आणि तारेसारखे होऊ लागतात, तसे याच्याही झालेत. एकेका बाजूला असे पाच-सहा केस, त्यातला एखादा पांढरा. नाकाच्या वर दोन भुवया जवळजवळ जुळलेल्या. पापणीच्या वरच्या भागात थोडे चुकार केस. टोकाकडची बाजू मात्र विरळच. (सोव्हिएत नेते ब्रेझनेव्ह यांच्या भुवया आठवत असतील तर आपला गृहस्थ त्याच घराण्यातला, फक्त इतका पुढे गेलेला नाही.)

आंघोळ झाल्यावर, खिडकीतल्या उजेडात, साध्या आरशासमोर बसायचं. मोठं करून दाखवणारा आरसा इथे घात करतो. त्यात प्रत्येक केस गुन्हेगार दिसतो आणि हात थांबत नाही. एक लहान टोकदार कात्री, एक चिमटा आणि स्वच्छ धुतलेला मऊ जुना टूथब्रश एवढंच सामान लागतं.

पहिली नजर केसांच्या दिशेवर. भुवईच्या नाकाकडच्या भागातले केस वर वाढतात, मधले तिरके कानशिलाकडे झुकतात आणि वरच्या कडेचे केस थोडे खालच्या अंगाला वळून मधल्यांना मिळतात. टोकाचे तर आडवे किंवा खाली उतरणारेच असतात. हे न बघता सगळे केस सरळ वर विंचरायचे आणि वरून बाहेर आलेलं सगळं एका रेषेत छाटायचं, ही घरातली सगळ्यात सर्रास होणारी चूक. केस पुन्हा आपल्या जागी आडवे पडले की ते भलतेच आखूड झालेले दिसतात आणि मधे कातडीचे ठिपके उघडे पडतात. टोकाकडे तर भुवई अर्धीच उरते.

म्हणून ब्रशने वर विंचरायचं, पण केसांच्या मूळ तिरकेपणाला धरून. मग भुवईच्या वरच्या कडेपलीकडे जे अगदी स्पष्ट बाहेर आलेत तेवढेच केस एकेक करून कापायचे. जेवढा भाग बाहेर आलाय त्याच्या निम्माच पहिल्यांदा कापायचा. कात्री भुवईला आडवी न धरता केसाच्या दिशेने, तिरकी धरायची. आडव्या कात्रीने केसांची टोकं एका ओळीत येतात आणि भुवईवर झालर लावल्यासारखी दिसते. तिरक्या कात्रीने लांबी थोडी कमी-जास्त राहते, आणि तेच हवं असतं. आपल्या गृहस्थाचे तारेसारखे केसही असेच कापायचे, उपटायचे नाहीत. लांब केस बहुतेकदा भुवईच्या ऐन मध्यात उगवलेला असतो. तो मुळासकट गेला तर तिथे भोक दिसतं.

मग केस पुन्हा जसे होते तसे बसवायचे, हातभर मागे सरकून बघायचं आणि दुसऱ्या भुवईकडे जायचं. एक पुरी करून मग दुसरी घेतली की दुसरी पहिलीसारखी करण्याच्या नादात दोन्ही बारीक होत जातात. शेवटी टोकाकडचे केस खाली विंचरून, पापणीवर उतरणारे असतील तर तेवढे टोकाला छाटायचे. चष्मा असेल तर चष्मा लावून एकदा बघायचं. कितीतरी केस फ्रेमच्या मागे लपतात, ते कापायची गरजच नसते.

एवढं झालं की बहुतेकांचं काम संपलेलं असतं. आपल्या गृहस्थाच्या बाबतीत नाकावरचा भाग उरलाय. इथे मात्र केस उपटावे लागतात. कितपत, यासाठी एक पेन्सिल घ्यायची आणि डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यावरून सरळ उभी धरायची. बायकांची भुवई साधारण त्या रेषेवर सुरू करतात. पुरुषाची भुवई त्या रेषेच्या दोन-तीन मिलिमीटर आत, नाकाच्या बाजूला सुरू झालेली बरी. जागा त्याहून रुंद केली की नाक पसरट वाटू लागतं आणि डोळे एकमेकांपासून लांब गेल्यासारखे दिसतात.

चिमट्याने मध्यापासून सुरुवात करायची आणि बाहेर जायचं. कातडी दुसऱ्या हाताने ताणून, केस मुळाजवळ पकडून, तो वाढतो त्याच दिशेने ओढायचा. उलट ओढला तर तो मधेच तुटतो आणि पुढे कातडीखालीच वाढून फोड येऊ शकतो. भुवईच्या जवळ आलं की सगळे केस काढायचे नाहीत, एक सोडून एक काढायचे. त्यामुळे भुवईची सुरुवात भिंतीसारखी उभी न दिसता हळूहळू दाट होत जाते. आपण केलेलं काम लपवणारी हीच एक युक्ती आहे आणि घाईत नेमकी तीच गाळली जाते.

इथे वस्तरा वापरायचा मोह होतो. न दुखता दहा सेकंदांत काम होतं हे खरं, पण एकदोन दिवसांत खुंटं येतात आणि दोन भुवयांच्या मधे करडी सावली दिसते. वस्तऱ्याने केस जाड होतात हा समज मात्र खरा नाही. केसाचं मूळचं टोक निमुळतं असतं, कापलेलं टोक बोथट असतं, म्हणून तो जाड वाटतो इतकंच. मेणाबद्दल एक सूचना: मुरमांसाठी किंवा सुरकुत्यांसाठी रेटिनॉइडचं मलम लावत असाल, तर मेणाबरोबर वरची कातडीही निघू शकते. अशांनी त्या वाटेला जाऊ नये.

भुवईच्या खाली, पापणीवर जे केस मुख्य भुवईपासून सुटे आणि लांब पडलेत, तेवढेच काढायचे. भुवईला चिकटलेल्या ओळीला हात लावायचा नाही. ती ओळ काढली की खाली कमान तयार होते आणि पुरुषाच्या चेहऱ्यावर सगळ्यात आधी ओळखू येते ती हीच कमान. वरच्या कडेचे केस उपटूच नयेत. टोकही तसंच सोडावं, ते विरळ असेल तर आणखीच.

सलूनमध्ये जायचं असेल तर खुर्चीत बसल्यावर ‘भुवया करा’ असं म्हणू नये. त्या दोन शब्दांत कारागिराला कोरायची परवानगीच मिळते. “दादा, लांब केस तेवढे कात्रीने घ्या. दोरा फक्त मधे. वर-खाली दोरा नको, आकार द्यायचा नाही,” एवढं स्पष्ट सांगावं. जुन्या हाताचे कारागीर फणीवर केस उचलून कात्रीची दोन टोकं मारतात, ते पुष्कळदा दोऱ्याहून सरस असतं. मशिनवर फणीची टोपी लावून काम करणार असतील तर सगळ्यात मोठी टोपी लावायला सांगावं आणि मशीन नाकाकडून कानशिलाकडे, केसांच्या दिशेनेच फिरवायला सांगावं. टोपी सैल बसलेली नाही ना, हे आपणच बघावं. ती निसटली तर भुवईत सरळ पट्टा पडतो.

दोरा किंवा चिमटा लागला की कातडी लाल होते. बहुतेकांची काही तासांत निवते, काहींना दुसऱ्या दिवशी बारीक पुळ्या येतात. म्हणून लग्नाआधी हे काम चार-पाच दिवस अगोदर उरकलेलं बरं. त्या दिवशी थंड पाण्याची पट्टी ठेवावी, सुगंधी आफ्टरशेव्ह लावू नये आणि पुळी आली तर फोडू नये.

आणि भुवया आधीच कोरून झाल्या असतील तर? उपटलेला केस पुरता परत यायला साधारण दोन ते चार महिने लागतात, कारण भुवईच्या केसाचा वाढीचा काळ फार थोडा असतो आणि बाकीचा बराच वेळ मूळ विश्रांतीत असतं. या काळात दर पंधरवड्याला ‘थोडं नीट करून घेऊ’ म्हणून पुन्हा दोरा फिरवला तर आकार कधीच सुटत नाही. वर्षानुवर्षं तेच करत राहिलं तर काही मुळं कायमची बंदही पडतात. त्यापेक्षा कडेने नवे केस येऊ द्यावेत आणि दाट राहिलेल्या भागाची लांबी कात्रीने किंचित कमी ठेवावी, म्हणजे जुन्या-नव्यातला फरक कमी दिसतो. मात्र काहीही न करता टोकाकडचा एकतृतीयांश भाग आपोआप विरळ होत असेल, किंवा भुवईत चकत्या पडत असतील, तर तो सलूनचा विषय नाही. थायरॉइडच्या कमतरतेपासून कुष्ठरोगापर्यंत काही आजारांत भुवया अशा झडतात, तेव्हा त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावं.