आरक्षित तिकिटाचा पूर्ण परतावा का मिळत नाही?

समजा, सौसरच्या एका गृहस्थांनी पांढुर्ण्याहून जाणाऱ्या गाडीचे ६०० रुपयांचे निश्चित शयनयान तिकीट काढले. गाडीला तीस तास उरले असता ते आजारी पडले व पूर्ण रक्कम परत मागू लागले. अशा वेळी खिडकीवरील लिपिक सांगतो, "दादा, आता रद्द केल्यास चतुर्थांश, म्हणजे १५० रुपये कापून ४५० मिळतील. ही कपात संगणकच वेळेवरून ठरवतो. मला ती माफ करता येत नाही." कारण असे की जागा आपल्यासाठी अडून राहते आणि प्रतीक्षायादीतील माणूस तोवर दुसरी सोय करून मोकळा होतो. उशिरा सुटलेली जागा पुष्कळदा रिकामीच धावते.

मात्र तिकीट वाया जाऊ न देण्याचा एक मार्ग आहे. गाडी सुटण्यापूर्वी किमान चोवीस तास लेखी अर्ज केल्यास तेच तिकीट आईवडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, पती वा पत्नी यांच्या नावे करून मिळते. ही सवलत एकदाच मिळते. पुतण्या वा मेहुणा मात्र यात बसत नाही, आणि यावरूनच खिडकीवर वाद होतात. अर्जासोबत तिकीट, ओळखपत्र व नात्याचा पुरावा न्यावा.