विधवेचा तिसरा हिस्सा

वसईतल्या एका ख्रिस्ती घरातला कर्ता माणूस मृत्युपत्र न करता गेला, असं समजा. मागे पत्नी, म्हातारी आई, एक मुलगा, लग्न झालेली मुलगी. शिवाय आधीच वारलेल्या थोरल्या मुलाची बायको आणि दोन नातवंडं. उत्तरकार्याचा खर्च आणि देणी भागवून वाडी, घर, ठेवी मिळून ९० लाख उरले.

इथे १९२५चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. मुलं-नातवंडं असली तर विधवेचा हिस्सा एक तृतीयांश, म्हणजे इथे ३० लाख. मूल एक असो वा सात, हा वाटा तेवढाच राहतो. उरलेल्या ६० लाखांचे तीन समान भाग पडतात. मुलाला २० आणि मुलीला २० लाख. थोरल्याचे २० त्याच्या दोन मुलांना, प्रत्येकी दहा.

थोरल्याच्या बायकोला मात्र सासऱ्याच्या मालमत्तेत वारस म्हणून काहीच नाही. मृताच्या आईलाही नाही, कारण मुलं-नातवंडं असताना आईवडिलांची पाळी येत नाही. हिंदू वारसा कायद्यात आई पहिल्या वर्गातली वारस आहे, त्यामुळे शेजारच्या घरात झालेली वाटणी पाहून आपला हिशेब मांडू नये. गोव्याचा कायदाही वेगळा. तिथे सहसा पतिपत्नींची मालमत्ता सामाईक धरतात आणि विधवेचा अर्धा भाग आधी बाजूला काढतात.

भांडण बहुधा मुलीच्या वाट्यावरून पेटतं. "तिचं लग्न करून दिलं, दागिने घातले, आता कसला हिस्सा?" असं भाऊ म्हणतो. पण बापाने हयातीत मुलांना दिलेलं वाटणीत धरायचं नाही, असं हाच कायदा सांगतो. मग भावाच्या शिक्षणाचा किंवा दुकानाचा खर्चही कुणी काढू शकत नाही. त्रावणकोरच्या जुन्या कायद्यात मुलीला भावाच्या वाट्याच्या चौथा हिस्सा किंवा पाच हजार रुपये, यांतलं जे कमी असेल तेवढंच मिळे. तो कायदा १९५१ सालीच रद्द झाला होता, हे मेरी रॉय यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली स्पष्ट केलं.

दुसरा घोळ नॉमिनीचा. बँकेने ठेव नॉमिनी असलेल्या मुलाच्या हाती दिली म्हणून ती एकट्याची होत नाही. ती वारसांत वाटावीच लागते. सातबाऱ्यावर वारसनोंद करतानाही बहिणीचं आणि नातवंडांचं नाव गाळू देऊ नका. हक्कसोडपत्रावर सही मागितली, तर वाचून, समजून, मगच करा.

सुनेला किंवा आईला काही द्यायचं असेल, तर हयातीतच मृत्युपत्र करावं. त्याला दोन साक्षीदार लागतात. ख्रिस्ती मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून ज्याने सही केली, त्याला किंवा त्याच्या जोडीदाराला त्यात दिलेलं रद्द ठरतं. तेव्हा साक्षीला सून नको, बाहेरची माणसं घ्या.